मेसेजमधली थट्टा उलटली तर: दोन ओळींत खुलासा कसा करावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या घरांत मराठी बोलली जाते, शेजारी आणि ऑफिसात कन्नड, आणि नातेवाईक पुण्या-मुंबईला पसरलेले. हे सगळे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात तेव्हा थट्टा उलटायला फार काही लागत नाही. पुढची बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणाच्या आधारानं दिली आहेत, कारण खुलाशातला प्रत्येक शब्द कुठं बसतो हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

उदाहरण काय आहे?

साखरपुड्यासाठी केलेला 32 जणांचा घरगुती ग्रुप. थोरली वहिनी मूळची खानापूरची. दीर बेळगावात वाढलेला, आता पुण्यात नोकरीला. ग्रुपवर त्याच्या सासरची पुण्याची माणसंही आहेत. सकाळी वहिनी लिहितात, "मी उद्या दहाच्या गाडीनं येतो, मांडे घेऊनच." दोन मिनिटांत दिराचा मेसेज: "येतो? वहिनी, दादाचा फोन तुमच्याकडं आहे की काय?" पुढं हसणारे तीन चेहरे. पुण्याकडचे चौघं हसतात. वहिनी लिहितात, "बरं." त्यानंतर दिवसभर त्यांचा एकही शब्द नाही.

बेळगाव, खानापूर, कोल्हापूर या पट्ट्यात बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' असंच म्हणतात. कन्नडमध्ये तर 'मी' बोलताना क्रियापद बाई-पुरुषाप्रमाणं बदलतच नाही. इथं ही बोली कुणाच्या कानाला खटकत नाही. पुण्यातल्या माणसाला मात्र ती चूक वाटते, आणि हसू येतं ते तिथं.

मी तर हसत लिहिलं होतं. समोरच्याला ते कळत कसं नाही?

लिहिताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत असतो. कुठं थांबायचं, कुठं सूर वर न्यायचा, सगळं मनात चालू असतं आणि आपण ते पडद्यावरही गेलं असं धरून चालतो. पडद्यावर फक्त अक्षरं जातात.

हे मोजलंही गेलं आहे. क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना गंभीर आणि उपरोधिक अशी दोन्ही प्रकारची वाक्यं समोरच्याला पाठवायला सांगितली होती, काहींना ईमेलनं, काहींना आवाजानं. आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असं पाठवणाऱ्यांना वाटलं. आवाजानं तो सुमारे 73 टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलनं फक्त सुमारे 56 टक्के वेळा. दोनातलं एक निवडायचं असेल तर डोळे मिटून केलेला अंदाजही 50 टक्के बरोबर येतो, तेव्हा 56 म्हणजे अंदाजापेक्षा थोडंसंच बरं.

दिराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. त्याच्या मनात वहिनी एकट्या होत्या. ग्रुपवर मात्र 32 जण होते. स्वयंपाकघरात बसून हेच वाक्य बोलला असता तर वहिनींनी "होय की, फोनबी माझा आणि दादाबी माझाच" असं म्हणून त्याला गप्प केलं असतं. ग्रुपवर पुण्याची चार माणसं आधी हसली. मग ती थट्टा दिराची राहिली नाही, त्या चौघांची झाली.

थट्टा उलटली हे ओळखायचं कसं?

भांडणाचा मेसेज बहुतेक वेळा येतच नाही. काय आलं यापेक्षा काय यायचं थांबलं ते बघायचं.

आपल्याकडचं सगळ्यात सोपं लक्षण म्हणजे 'ओ'. रोज "होय ओ भाऊजी", "येतो की ओ" असं लिहिणारी व्यक्ती अचानक "होय" किंवा "बरं" एवढंच लिहू लागली, शेवटी टिंब देऊ लागली, तर काहीतरी लागलंय. तसंच 'तू'वरून 'तुम्ही'वर गेलेली मैत्रीण, 'अक्का' म्हणायचं सोडून नुसतं नाव घेणारी धाकटी बहीण, किंवा ग्रुपवर इतरांना उत्तरं देणारी पण तुमचा प्रश्न तेवढा ओलांडून जाणारी व्यक्ती. नुसता उशीर म्हणजे राग नव्हे. गाडीत असतील, शेतात असतील, खानापूरच्या जंगलाकडं रेंज नसेल. उशीर आणि सुरातला बदल दोन्ही एकत्र दिसले तरच खुलाशाचा विचार करा.

ग्रुपवर मेसेज कुणी वाचला ते दाबून धरल्यावर माहितीत दिसतं. ते एकदा बघायला हरकत नाही. पुन्हा पुन्हा बघून अर्थ काढू नका, निळ्या खुणेतून मन वाचता येत नाही.

खुलासा म्हणजे नक्की काय? माफी वेगळी का?

वेगळी आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. समोरच्यानं तुम्ही म्हटलंच नव्हतं ते वाचलं असेल, तर तुमचा अर्थ काय होता हे सांगायचं, तो खुलासा. त्यानं तुम्ही म्हटलं तेच वाचलं आणि ते लागलं असेल, तर अर्थ सांगून भागत नाही, माफी लागते.

ओळखायचं कसं? तुमचं वाक्य चेहरे काढून, कोरड्या सुरात मोठ्यानं वाचा. त्याचा एखादा निरुपद्रवी अर्थ निघतो का बघा. "दादाचा फोन तुमच्याकडं आहे की काय?" याचा निघतो: दिराला खरंच दादानं लिहिल्यासारखं वाटलं. पण दुसरा अर्थही तितकाच सरळ आहे: तुम्हाला धड मराठी लिहिता येत नाही. आणि तो दुसरा अर्थ 32 जणांपुढं गेला. म्हणून इथं खुलासाही लागतो आणि चूक मान्य करणंही लागतं. एकच अर्थ निघत असेल आणि तो समोरच्याला कमी लेखणारा असेल, तर खुलासा करू नका. "माझा तसा उद्देश नव्हता" हे वाक्य अशा वेळी सबब वाटतं, आणि बहुतेकदा असतंही.

मग दिरानं काय लिहावं?

हे:

"वहिनी, सकाळी तुमच्या 'येतो'वर मी जे लिहिलं, त्यानं तुमच्या बोलण्यालाच हसल्यासारखं झालं. मला तसं म्हणायचं नव्हतं, आपल्या घरात आईही तसंच बोलते. पण सगळ्यांसमोर लिहायला नको होतं, चुकलं माझं."

28 शब्द, तीन वाक्यं. पहिलं वाक्य नेमकी कुठली गोष्ट ते सांगतं आणि तिचा समोर काय परिणाम झाला तेही सांगतं. 'हसल्यासारखं झालं' हे महत्त्वाचं आहे. 'तुम्हाला तसं वाटलं' असं लिहिलं असतं तर दोष वहिनींच्या वाटण्यावर गेला असता. दुसरं वाक्य म्हणजे खुलासा. त्यात 'आईही तसंच बोलते' हा पुरावा आहे, नुसतं 'नव्हतं' म्हटल्यानं विश्वास बसत नाही. पुरावा खरा हवा आणि एकच हवा. तिसरं वाक्य आपल्या वाट्याची चूक उचलतं, तीही मोजकी: थट्टा सुचली ही नव्हे, ती सगळ्यांसमोर लिहिली ही.

यात न लिहिलेल्या गोष्टीही बघा. 'माफ केलं म्हणा' नाही, 'रागावलात का?' नाही, शेवटी प्रश्नचिन्हच नाही. प्रश्न विचारला की वहिनींना उत्तर द्यावं लागतं, आणि "नाही ओ, कशाला रागावू" असं खोटं बोलावं लागतं. मग मनातलं मनातच राहतं.

एवढंच? जरा सविस्तर लिहिलं तर जास्त मनापासून वाटणार नाही का?

उलट होतं. लांब मेसेजमध्ये बहुतेक जागा स्वतःबद्दल जाते: मी दमलो होतो, ऑफिसात ताण होता, मला तुमच्याबद्दल किती आदर आहे. वाचणाऱ्याला वाटतं, आता मीच याला समजावायला हवं. शिवाय मेसेज लांबला की व्हॉट्सॲप तो अर्धवट दाखवतं आणि बाकीचा उघडावा लागतो. चूक मान्य केलेलं वाक्य शेवटी असेल तर ते नेमकं झाकलं जातं. 20 ते 35 शब्द पुरतात. स्क्रोल न करता सगळं दिसलं पाहिजे, एवढं माप लक्षात ठेवा.

अगदी छोटाही नको. "सॉरी हां, गंमत होती" यात कशाबद्दल सॉरी ते नाही, आणि 'गंमत होती' म्हणजे 'तुम्हाला गंमत कळत नाही' असंच ऐकू येतं.

कुठली वाक्यं हमखास बिघडवतात?

"कुणाला वाईट वाटलं असल्यास क्षमस्व." वाईट वाटलं ते एका माणसाला, आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे. 'कुणाला' आणि 'असल्यास' या दोन शब्दांनी तो माणूस पुसला जातो.

"मनाला लावून घेऊ नका." हा सल्ला झाला. लागल्यावर सल्ला देणारा वरच्या पायरीवर उभा राहतो.

"तुम्ही पण मला मागं म्हणाला होतात." खरं असलं तरी आज नको. त्याचा हिशेब त्या दिवशी करायचा होता.

आणि खुलाशाच्या शेवटी हसणारा चेहरा. ज्या चिन्हानं घोटाळा झाला तेच पुन्हा लावलं की हेही थट्टेनंच लिहिलंय की काय, अशी शंका येते. जोडलेल्या हातांचं चिन्हही टाळलेलं बरं. आपल्या ग्रुपांवर ते सुप्रभातापासून भावपूर्ण श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडं लागतं, त्यामुळं त्याला वेगळा अर्थ उरलेला नाही.

खुलासा ग्रुपवर करायचा की खासगीत?

आधी खासगीत, मग ग्रुपवर एक ओळ. क्रम उलटा करू नका. आधी ग्रुपवर लिहिलं तर वहिनींना 32 जणांसमोर "असू दे, असू दे" म्हणावं लागतं, आणि ज्यांनी मूळ मेसेज बघितलाच नव्हता ते वर जाऊन शोधतात.

ग्रुपवरची ओळ मात्र हवी, कारण कमीपणा तिथं आला. ती वहिनींना उद्देशून नको, हसलेल्यांना उद्देशून हवी: "सकाळी वहिनींच्या मेसेजवर मी केलेली थट्टा चुकीची होती. बेळगाव-खानापूरकडं बायका 'येतो'च म्हणतात आणि ते बरोबर आहे." बस्स. लगेच पुढं साखरपुड्याच्या कामाचा मेसेज येऊ द्या. मूळ मेसेजला उत्तर म्हणून ही ओळ टाकू नका. तसं केलं की जुनी थट्टा चौकटीत पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येते. खासगीत वहिनींनी "ग्रुपवर नको ओ काही" असं सांगितलं तर ही ओळ टाकायची नाही. तो निर्णय त्यांचा.

मूळ मेसेज डिलीट केला तर?

पाठवल्यावर 15 मिनिटांपर्यंत मेसेज एडिट करता येतो आणि साधारण दोन दिवस 12 तासांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. एडिट केल्यावर तशी खूण राहते, डिलीट केल्यावर मेसेज काढल्याची ओळ राहते. म्हणजे काहीतरी झालं हे लपत नाही. पहिल्या मिनिटातच चूक लक्षात आली आणि कुणी वाचलं नसेल, तर काढून टाका. वहिनींनी वाचल्यावर गुपचूप काढला तर तो पळ काढल्यासारखा दिसतो. वाचलेला मेसेज काढायचा असेल तर खुलासा आधी, आणि त्यातच "तो मेसेज मी काढतो" असं सांगून मग काढा. गुपचूप एडिट मात्र कधीच करू नका. हसलेल्यांची चिन्हं तशीच राहतात, वाक्य बदलतं, आणि कशाला हसले तेच कळेनासं होतं.

किती वेळात करायचा?

लक्षात आल्यावर तासाभरात झाला तर उत्तम, त्या दिवसाची रात्र ओलांडू देऊ नका. रात्रभरात समोरचा माणूस ती ओळ दहा वेळा वाचतो, आणि दर वेळी ती थोडी जास्त टोचते. पण रागात किंवा घाईतही लिहू नका. लिहा, दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा, पुन्हा वाचा. स्वतःची बाजू मांडणारं जे वाक्य तुम्हाला सगळ्यात आवडलं असेल, ते बहुधा काढायचं वाक्य असतं. दोन-तीन दिवस उलटून गेले असतील तरी करा, फक्त "उशिरा लिहितोय" हे दोन शब्द आधी घाला.

व्हॉइस मेसेज पाठवला तर चालेल?

मामी, आत्या, काकू, थोरले मामा यांच्यासाठी बऱ्याचदा तोच चांगला, कारण हरवलेला सूर आवाजात परत येतो. 20 सेकंदांच्या आत ठेवा. वर दिलेली तीन वाक्यं सावकाश बोलली तरी तेवढ्यात बसतात. दोन अडचणी ध्यानात ठेवा: ऐकणारा घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर ऐकू शकतो, आणि बोलताना ओशाळून आलेलं हसू पलीकडं थट्टेसारखं ऐकू जातं. हसू आलं तर पुन्हा रेकॉर्ड करा.

ऑफिसातल्या कन्नड सहकाऱ्याच्या बाबतीत हे झालं तर?

आधी शब्द तपासा, कारण दोन्ही भाषांत असलेले काही शब्द अर्थानं वेगळे आहेत. कन्नडमध्ये 'तमाषे' म्हणजे साधी थट्टा, मराठीत 'तमाशा करू नको' म्हणजे गोंधळ घालू नको. कन्नडमध्ये 'मर्यादे' म्हणजे मान, आदर; मराठीत मर्यादा म्हणजे सीमा. "जरा मर्यादा ठेव की" असं तुम्ही दोस्तीत लिहिलंत तर 'तुला मान द्यायची अक्कल नाही' असं वाचलं जाऊ शकतं. असं झालं असेल तर तो खरा गैरसमज आहे आणि खुलासा सोपा आहे: मराठीत या शब्दाचा अर्थ काय ते एका वाक्यात सांगा.

शक्य असेल तर पहिली ओळ त्यांच्या भाषेत लिहा. "तप्पायतु री, निम्म बग्गे अल्ल अदु" म्हणजे 'चुकलं, ते तुमच्याबद्दल नव्हतं.' तोडकीमोडकी असली तरी चालते. 'री' विसरू नका, आदर त्यात आहे. पण हे वाक्य तेव्हाच लिहा जेव्हा ते खरोखर त्यांच्याबद्दल नव्हतं.

भाषेवरूनच थट्टा झाली असेल तर जास्त जपा. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेला इथं कुणी राज्योत्सव करतं, कुणी काळा दिवस पाळतं. त्या दिवसात ऑफिसच्या ग्रुपवर भाषेवरचं कुठलंही वाक्य एका माणसाचं राहत नाही. तिथं ग्रुपवर खुलासे देत बसलात तर प्रत्येक खुलाशाला दोन उत्तरं येतात. ग्रुपवर फक्त "माझा मेसेज चुकीचा होता, काढतो" एवढं लिहा आणि ज्याला लागलं त्याच्या टेबलाशी जाऊन बोला.

खुलासा केला, उत्तर "असू दे" एवढंच आलं. झालं का?

"असू दे ओ भाऊजी" आलं तर झालं, 'ओ' आणि 'भाऊजी' दोन्ही परत आले. नुसतं "असू दे." आलं तर वहिनींनी ऐकून घेतलंय, विसरायला वेळ लागेल. तुम्ही तो वेळ द्यायचा. पुन्हा खुलासा करायचा नाही. दुसऱ्यांदा केलेला खुलासा म्हणजे 'अजून बरं वाटलं नाही का?' असा तगादा होतो.

काहीच उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी एक फोन. उचलला नाही तर लगेच दुसरा करू नका. त्याऐवजी उत्तराची सक्ती नसलेला कामाचा मेसेज टाका: "वहिनी, गाडी पुण्यात पोचायच्या वेळेला मी स्टँडवर थांबतो." आणि खरंच थांबा. पुढचं बोलणं तिथं, मांड्यांचा डबा हातात घेताना होईल. तेव्हा वहिनींनी स्वतःहून विषय काढला तर ऐकून घ्या, मध्ये "पण" म्हणू नका. नाही काढला तर तुम्हीही काढू नका.

लागलं मला आहे. मी काय लिहू?

थट्टेचा सूर कळला नसेल तर थेट विचारा, तेही खासगीत: "भाऊजी, सकाळचं ते थट्टेनं लिहिलंत की माझ्या बोलण्यावर हसलात?" यात आरोप नाही, आणि समोरच्याला खुलासा करायला दार उघडं राहतं. "बरं." लिहून गप्प बसलात तर ज्याच्या लक्षातच आलं नाही तो उद्या पुन्हा तेच लिहील. त्याच्या खुलाशावर लगेच हसून सगळं मिटवायची मात्र गरज नाही. "वाचलं. उद्या बोलू" एवढं लिहिलं तरी पुरतं.